अप्पांच्या उशाचा अ‍ॅम्प्लिफायर: क्रॉसओव्हरची खरखर आणि दोन डायोड

१० एप्रिल

अप्पांच्या रेडिओसाठी केलेला अ‍ॅम्प्लिफायर आज पहिल्यांदा वाजला. ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन मोठे कपॅसिटर, त्यातून अधिक आणि उणे १२ व्होल्टच्या आसपास पुरवठा. पुढे एनई५५३२ हा ऑपअ‍ॅम्प, त्याची वाढ दहापट. त्याच्या आउटपुटला बीडी१३९ आणि बीडी१४० या जोडीचे बेस एकत्र जोडले, दोघांचे एमिटर एकत्र करून ८ ओहमच्या स्पीकरला दिले. वरची अर्धी लाट बीडी१३९ ढकलतो, खालची अर्धी बीडी१४० ओढतो. पुश-पुल याहून साधा होत नाही.

दिवसा मोठ्या आवाजात लावला तेव्हा ठीक वाटला. रात्री अप्पांनी नेहमीप्रमाणे आवाज अगदी बारीक केला. चादरीच्या मागावर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान, तरी दहा मिनिटांत हाक मारली. "बारीक केला की सनई पत्र्यावर घासल्यासारखी वाजतीय बघ. मोठा केला की बरी हाय."

११ एप्रिल

आधी व्हॉल्यूमच्या पॉटवर संशय घेतला. पॉट खराब असेल तर फिरवताना खरखर येते, एका जागी ठेवला की थांबते. इथं पॉटला हात न लावताही घासल्यासारखा आवाज येत होता, आणि सुरांना चिकटूनच येत होता. सूर थांबला की तोही थांबे. स्पीकर बदलला, फरक नाही. रेडिओचं आउटपुट थेट हेडफोनवर ऐकलं, स्वच्छ.

अप्पांच्या बोलण्यात खरी खूण होती, ती मला उशिरा कळली. आवाज मोठा केल्यावर फाटत असेल तर पुरवठा कमी पडतोय, म्हणजे क्लिपिंग; ते आवाज कमी केला की जातं. आपलं उलटं आहे: कमी केला की वाढतं. असं वागणारा दोष आउटपुटच्या जोडीत, शून्यापाशी असतो.

१३ एप्रिल

छोटा स्कोप बाहेर काढला. स्पीकरऐवजी ८.२ ओहमचा दहा वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर लावला आणि मोबाइलवरून एक किलोहर्ट्झची साइन लाट दिली. ऑपअ‍ॅम्पच्या पिनवर लाट गोल, देखणी. एमिटरवर मात्र प्रत्येक वेळी शून्य ओलांडताना ती सपाट पडत होती. वर चढलेली लाट खाली येते, शून्यावर थबकते, थोडा वेळ तिथंच आडवी पडून राहते आणि मग एकदम खालच्या बाजूला सुटते. डोंगर आणि दरी यांच्यामध्ये सपाट रस्ता घातल्यासारखं चित्र.

हीच क्रॉसओव्हरची खरखर, आणि तिचं कारण उघड आहे. बेस एमिटरपेक्षा साधारण ०.६ व्होल्टने वर गेल्याशिवाय बीडी१३९ वाहत नाही, आणि तेवढाच खाली गेल्याशिवाय बीडी१४० वाहत नाही. मधल्या १.२ व्होल्टच्या पट्ट्यात दोघेही बंद. ऑपअ‍ॅम्प त्या पट्ट्यातून जातो तेवढा वेळ स्पीकरला कोणीच धरलेलं नसतं.

हा पट्टा आवाजाबरोबर लहान-मोठा होत नाही, तो कायम १.२ व्होल्टच राहतो. खरी गोम इथं आहे. अप्पांच्या रात्रीच्या आवाजाला ऑपअ‍ॅम्पच्या पिनवर जेमतेम १ व्होल्टचं शिखर मिळतं, ते मोजलं. मग एका पूर्ण लाटेत जोडी किती वेळ बंद राहते?

```
arcsin(0.6 / 1.0) ≈ 37°
4 × 37° = 148°
148 / 360 ≈ 0.41
```

शेकडा ४१. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ स्पीकर वाऱ्यावर. शिखर ६ व्होल्टचं केलं तर हाच हिशेब शेकडा ६ च्या थोडा वर येतो, म्हणून दिवसा ते कानाला टोचलं नाही. आणि शिखर अर्ध्या व्होल्टचं असेल तर काहीच ऐकू येणार नाही. तंबोऱ्याचा सूर विरत जाताना मध्येच तुटतो, तो यामुळेच. मंद होत जाणारा सूर पट्ट्याच्या आत शिरला की संपलाच.

दोष दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे त्यातून मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर तयार होतात. पत्र्यावर घासल्यासारखं वाटतं ते हेच. सनईत मुळातच वरचे सूर भरपूर, त्यात ही भर पडते.

१६ एप्रिल

एक सोपी वाट आधी तपासली. आतापर्यंत फीडबॅकचा रेझिस्टर ऑपअ‍ॅम्पच्या स्वतःच्या पिनवरून घेतला होता. तो तिथून काढून एमिटरच्या जोडावर, म्हणजे थेट स्पीकरवर लावला. आता स्पीकरवरची लाट चुकली तर ऑपअ‍ॅम्पला ते कळणार.

एक किलोहर्ट्झला लाट जवळजवळ सरळ झाली. ऑपअ‍ॅम्पच्या पिनवर पाहिलं तर तिथं प्रत्येक शून्यापाशी १.२ व्होल्टची उभी पायरी दिसली. पट्ट्यावरून तो उडी मारतोय. पण दहा किलोहर्ट्झ दिल्यावर सपाट खाच पुन्हा डोकावली. उडी चालू असताना दोन्ही ट्रान्झिस्टर बंद असतात, त्यामुळे ऑपअ‍ॅम्प कितीही धडपडला तरी पलीकडे पोचेपर्यंत स्पीकरवर काहीच उमटत नाही. आणि कंपनं वाढतील तशी त्याची हातची ताकदही कमी होते. घरात पडलेला एलएम३५८ लावून पाहिला तेव्हा तर खाच ठळक झाली. तो मायक्रोसेकंदाला फार तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास सरकतो, म्हणजे उडीलाच दोन ते चार मायक्रोसेकंद जातात. दहा किलोहर्ट्झची अर्धी लाट अवघी पन्नास मायक्रोसेकंदांची.

फीडबॅक स्पीकरवरच ठेवणार आहे. पण खड्डा असलेल्या रस्त्यावर गाडी उडवत नेण्यापेक्षा आधी खड्डा बुजवलेला बरा. डायोड लावतो.

१९ एप्रिल

बेस एकमेकांपासून सोडवले. दोघांमध्ये १एन४१४८ चे दोन डायोड ओळीने घातले, दोघांचं तोंड खालच्या दिशेला. ऑपअ‍ॅम्प दोन डायोडच्या मध्यावर. वरच्या बेसपासून अधिक १२ ला २.२ किलोओहम, खालच्या बेसपासून उणे १२ ला तेवढाच. या दोन रेझिस्टरमधून डायोडमध्ये सतत करंट वाहतो:

```
(12 − 0.65) / 2200 ≈ 0.005 A
```

पाच मिलिअँपिअर. त्यामुळे प्रत्येक डायोडवर साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट कायम उभे राहतात, आणि दोन्ही ट्रान्झिस्टर सिग्नल नसतानाही उंबरठ्यावर तयार असतात. ऑपअ‍ॅम्प जराही वर सरकला की वरचा लगेच वाहू लागतो, त्याला ०.६ व्होल्ट चढून यावं लागत नाही.

सपाट भाग गेला! पण बीडी१३९ च्या कलेक्टरमध्ये मीटर घातला होता म्हणून वाचलो. सिग्नल काहीच नाही आणि मीटर ९० मिलिअँपिअर दाखवत होता. बघता बघता ११०, मग १४०. हीटसिंक लावलं नव्हतं, बोट टेकवलं तर चटका. १८० दिसताच स्विच बंद केला.

२० एप्रिल

रेडिओ दुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या काकांकडे बोर्ड घेऊन गेलो. त्यांनी चष्मा वर सरकवून बोर्ड उलटा केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "एमिटरला रेझिस्टर कुठंयत रे?"

"नाही लावले, काका. पॉवर वाया जाईल म्हणून."

"अर्धा ओहम लाव. आणि डायोड बदल. हा काचेचा डायोड जास्त व्होल्ट धरतोय, तुझ्या ट्रान्झिस्टरला तेवढे नको आहेत."

दोन्ही गोष्टी घरी येऊन हिशेबाने पडताळल्या. ट्रान्झिस्टर एक अंश तापला की त्याला लागणारा बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. डायोडचा व्होल्टेज मात्र तसाच राहिला, कारण डायोड थंड होते. म्हणजे ट्रान्झिस्टरला प्रत्येक अंशामागे २ मिलिव्होल्ट जादा मिळाले. करंट या व्होल्टेजला फार हळवा असतो: २ मिलिव्होल्टला शेकडा ८ च्या जवळपास वाढ. ९० मिलिअँपिअरवर ती ७ मिलिअँपिअर, १२ व्होल्टने गुणलं की ८४ मिलिवॅट जादा उष्णता. हीटसिंक नसलेला बीडी१३९ दर वॅटला १०० अंश चढतो. म्हणजे एका अंशातून आणखी आठ अंश निघाले, त्या आठातून पुन्हा त्याच्या आठपट. हे थांबणार कसं?

आता काकांचा अर्धा ओहम. एमिटरला ०.४७ ओहम लावला, मुळातला करंट १५ मिलिअँपिअर ठेवला, तर त्याच २ मिलिव्होल्टने करंट फक्त ०.९ मिलिअँपिअर वाढतो. करंट वाढला की रेझिस्टरवरचा व्होल्टेजही वाढतो आणि तेवढा बेस-एमिटरमधून वजा होतो. उष्णता ११ मिलिवॅट. त्यात लहान हीटसिंक असेल तर एका अंशातून अर्धा अंशही निघत नाही. साखळी आपोआप विरते.

२६ एप्रिल

१एन४००७ लावले, पुरवठ्याच्या ब्रिजमध्ये असतात तेच. पाच मिलिअँपिअरवर काचेच्या डायोडपेक्षा प्रत्येकी ५०-६० मिलिव्होल्ट कमी पडतात. ऐकायला किरकोळ, पण दोन डायोडचे मिळून शंभरच्या वर होतात, आणि तेवढ्यात करंट चौपट होतो. दोन्ही एमिटरला ०.४७ ओहम. प्रत्येक ट्रान्झिस्टरला स्वतंत्र छोटं हीटसिंक.

करंट मोजायला आता मीटर मध्ये घालावा लागत नाही. सिग्नल बंद करून ०.४७ च्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट वाचायचे. ७ मिलिव्होल्ट आले, म्हणजे १५ मिलिअँपिअर. दहा मिनिटांनी ८.

स्कोपवर १ व्होल्टची लाट गोल. निरखून पाहिलं की शून्यापाशी अगदी हलकी लचक दिसते, पण सपाट पट्टा नाही. रात्री अप्पांना लावून दिला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग आवाज आणखी बारीक केला.

२ मे

दुपारी भावाने येऊन आवाज चढवला आणि वरच्या बाजूने फाटला. स्कोपवर शिखर ३ व्होल्टला छाटलं जात होतं, पुरवठा १२ चा असताना. या वेळी दोष माझ्या २.२ किलोओहमचा.

लाट वर जाते तेव्हा बीडी१३९ च्या बेसला लागणारा करंट वरच्या रेझिस्टरमधूनच येतो. डायोड ऑपअ‍ॅम्पकडून वर करंट जाऊ देत नाही. आणि नेमकं शिखरावर त्या रेझिस्टरवर व्होल्टेज कमी उरतो. ट्रान्झिस्टरचा करंट गेन १०० धरला तर:

```
(11.3 − V) / 2200 = V / (8 × 100)
V ≈ 3 V
```

मोजलेलं आणि मांडलेलं जुळलं. रेझिस्टर १ किलोओहमचे केले की हाच हिशेब ५ व्होल्ट देतो, म्हणजे अर्ध्या वॅटच्या जागी दीड वॅट. गेन मोठ्या करंटला उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात ४.६ व्होल्ट मिळाले. उशाच्या रेडिओला भरपूर झाले. याहून जास्त हवं असेल तर रेझिस्टरचे दोन तुकडे करून मधल्या जोडाला आउटपुटवरून कपॅसिटर द्यावा, मग शिखरावरही करंट टिकतो. मला गरज नाही.

रेझिस्टर बदलल्यावर बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा जोडीचा करंट, पुन्हा मोजायला विसरू नये, हे इथं ठळक लिहून ठेवतो. डायोडमधला करंट ५ चा ११ झाला, त्यांचा व्होल्टेज दोन्ही मिळून ५० मिलिव्होल्टच्या आसपास चढला आणि ०.४७ वर ७ चे १४ मिलिव्होल्ट झाले. जोडीचा करंट दुप्पट, ३० मिलिअँपिअर. हे चालेल, उलट शून्यापाशीची लचक आणखी कमी झाली.

८ मे

बाहेर बेचाळीस अंश. आमची माडीवरची खोली पत्र्याची, दुपारी तिथं थर्मामीटर ४० दाखवतो आणि पहाटे २८. मला भीती होती की उन्हाळ्यात बायस सुटेल. पहाटे १४ मिलिव्होल्ट, दुपारी तीनला १५. काहीच नाही!

विचार केल्यावर उलगडलं. खोली तापते तेव्हा डायोड आणि ट्रान्झिस्टर दोन्ही सारखेच तापतात. ट्रान्झिस्टरला कमी व्होल्टेज लागतो, डायोड तेवढाच कमी देतो.

मग अर्धा तास मोठ्या आवाजात वाजवून लगेच मोजलं: ३२ मिलिव्होल्ट. सोलापूरच्या उन्हाने जे केलं नाही ते ट्रान्झिस्टरच्या स्वतःच्या उष्णतेने केलं, कारण डायोड बोर्डवर तीन सेंटीमीटर लांब होते आणि त्यांना हीटसिंकची खबरच नव्हती. हात लावून पाहिला, हीटसिंक गरम, डायोड जेमतेम कोमट.

११ मे

दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच मोठ्या हीटसिंकवर घेतले आणि मधल्या जागेत दोन्ही डायोड चिकटवले. बीडी१३९ आणि बीडी१४० ची पाठ म्हणजे कलेक्टर, एक अधिक १२ ला, दुसरा उणे १२ ला. मायका आणि प्लॅस्टिकचा बुश न घालता स्क्रू आवळला तर हीटसिंकमधून पुरवठाच शॉर्ट होतो. आवळल्यावर मीटरच्या बीपवर प्रत्येक पाठ हीटसिंकशी तपासली. डायोडच्या पायांवर स्लीव्ह चढवली, अंग एपॉक्सीने पूर्ण टेकवलं.

डायोडला वायरी जोडताना सोल्डरचे टाके दोनदा पाहिले. हा टाका सुटला तर आवाज बंद पडून भागत नाही. डायोडची वाट तुटली की १ किलोओहममधला सगळा करंट बेसमध्ये शिरतो, शंभरपट होऊन दोन्ही ट्रान्झिस्टरमधून आरपार जातो आणि जोडी जळते. म्हणून डायोडच्या ओळीत सॉकेट किंवा ट्रिमपॉट घालायचा नाही असं ठरवलंय. पहिल्यांदा चालू करताना दोन्ही पुरवठ्यांत १० ओहमचा रेझिस्टर घातला होता; त्यावर अर्ध्या व्होल्टहून कमी दिसल्यावरच काढला.

तीच परीक्षा पुन्हा: अर्धा तास मोठा आवाज, लगेच माप. १४ चे १७ मिलिव्होल्ट. पाच मिनिटांत १५ वर आले. हे तीन राहणारच, कारण उष्णता आतल्या चिपपासून डायोडपर्यंत पोचायला वेळ लागतो.

१७ मे

शेवटची मापं. १ व्होल्टचं शिखर, एक किलोहर्ट्झ: स्पीकरवरची लाट आणि ऑपअ‍ॅम्पची लाट एकमेकांवर ठेवली तर वेगळी ओळखता येत नाही. दहा किलोहर्ट्झला ऑपअ‍ॅम्पच्या पिनवर शून्यापाशी अजून एक छोटा उंचवटा आहे, पूर्वीच्या १.२ व्होल्टच्या पायरीचा तो अवशेष. स्पीकरवर तो दिसत नाही. बायस आणखी वाढवून तो घालवता येईल का, हे २६ मिलिव्होल्टपर्यंत नेऊन पाहिलं. उंचवटा कमी झाला खरा, पण हीटसिंक रात्रभर गरम राहतं, आणि हा डबा अप्पांच्या उशाशी असतो. परत १४ वर आणला.

झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं: "०.४७ वर १४ मि.व्हो., सिग्नल बंद, थंड असताना. २५ च्या वर गेल्यास डायोडचा चिकटा पाहा."

रात्री साडेदहाला अप्पांच्या खोलीत गेलो. दिवा बंद होता. अभंग संपत आला होता, मागचा तंबोरा खोलीत पंख्याच्या आवाजाखाली हळूहळू विरत गेला, आणि या वेळी मध्ये तुटला नाही.